अंत्यविधींची तुलना: धर्मवार नको, कामवार

मुंबईत मरीन लाइन्सला चंदनवाडीची स्मशानभूमी आणि बडा कब्रस्तान जवळजवळ आहेत. मलबार हिलवर पारशांची डुंगरवाडी आहे, वरळीला ज्यूंची दफनभूमी, शिवडीला ख्रिस्ती लोकांची. अंत्यविधींवर तौलनिक लेख लिहायला बसलेला माणूस बहुधा याच क्रमाने निघतो. आधी हिंदू, मग मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू आणि शेवटी एखादी दूरदेशीची जमात. प्रत्येकाच्या वाट्याला दीड-दोन पाने. असा लेख वाचून माहिती बरीच मिळते, पण तुलना हाती लागत नाही. तिसऱ्या पानावरचे सुतक आणि नवव्या पानावरचे ज्यूंचे सात दिवस यांचा मेळ वाचकानेच घालायचा असतो, आणि तोवर तो तिसरे पान विसरलेला असतो.

या मांडणीत दुसरीही अडचण आहे. ‘हिंदू’ असा मथळा दिला की लिंगायतांमधले दफन, लहान मुलांना पुरण्याची रीत, संन्याशाची समाधी हे सगळे अपवाद म्हणून कोपऱ्यात जाते. मथळ्यामुळे एक धर्म म्हणजे एक रीत असा समज पक्का होतो.

माझ्या मते अशा लेखाची उभारणी विधींच्या कामावर करावी. माणूस गेला की तीन गोष्टींची व्यवस्था लावावी लागते: देहाचे काय करायचे, गेलेल्याला कुठे पोचवायचे आणि मागे राहिलेल्यांनी रोजच्या जगण्यात कसे परतायचे. लेखाचे भाग या तीन प्रश्नांवर पाडावेत. प्रत्येक भागात वेगवेगळे समाज येतील, पण त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरतेच.

ही विभागणी रोबेर हर्ट्झ या फ्रेंच अभ्यासकाच्या १९०७ सालच्या निबंधातून येते. पहिल्या महायुद्धात १९१५ साली तो तिशीतच मारला गेला, पण मृत्यूच्या अभ्यासाला त्या एका निबंधाने वळण दिले. हर्ट्झ बोर्निओला कधी गेला नव्हता. प्रवाशांनी आणि मिशनऱ्यांनी केलेल्या नोंदी वाचून त्याने तिथल्या दायाक लोकांच्या रीतीची संगती लावली. त्यांच्यात प्रेत आधी तात्पुरते ठेवतात. मांस झडून हाडे कोरडी व्हायला महिने जातात, कधी वर्षेही. तेवढा काळ आत्मा जवळपास भटकतो असे मानतात आणि घरच्यांवर खाण्यापिण्याची, पेहरावाची, मिसळण्याची बंधने असतात. मग ‘तिवाह’ नावाचा मोठा सोहळा होतो. हाडे कायमच्या जागी जातात, आत्मा मृतांच्या देशी पोचतो, घरचे मोकळे होतात. हर्ट्झच्या लक्षात आले की देह, आत्मा आणि आप्त यांची वाटचाल बरोबरीने होते. हाडे ओली आहेत तोवर आत्म्याला ठिकाणा नाही आणि आप्तांना सुटका नाही.

आता हे तीन प्रश्न घेऊन आपल्याकडच्या एखाद्या पारंपरिक ब्राह्मणी पद्धतीच्या घरात यावे. दहन पहिल्याच दिवशी होते, पण देहाचा विषय तिथे संपत नाही. अस्थी गोळा करायच्या असतात, त्या पाण्यात सोडायच्या असतात. गेलेला अजून प्रेत आहे, पितर झालेला नाही. दहा दिवसांच्या पिंडांनी त्याला नवे शरीर मिळते अशी गरुडपुराणाची कल्पना आहे. पहिल्या पिंडाने मस्तक, आणि असे करत दहाव्याने भूक-तहान. घरचे या काळात सुतकात असतात. देवपूजा बंद, लग्नकार्याला जाणे नाही. बाराव्याला सपिंडीकरण होते. प्रेताचा पिंड वडील, आजोबा, पणजोबांच्या पिंडांत मिसळला की तो पितरांच्या रांगेत बसतो. तेराव्याला गोड जेवण होते, नातेवाईक दुखवटा काढतात. म्हणजे इथेही तिघे बरोबरीनेच चालले, फक्त मुदत तेरा दिवसांची. जे काम बोर्निओत कुजण्याने सावकाश होते ते अग्नी झटपट उरकतो, असे हर्ट्झने दहनाबद्दल म्हटलेच होते. शास्त्राने सपिंडीकरणाला वर्षाची मुदतही दिलेली आहे. ते बाराव्याला आणले की गेलेल्याचा प्रवासही तेवढाच आखूड होतो.

ज्यूंकडे आले की ही बरोबरी सुटते, आणि तुलनेला खरी धार इथे येते. देह शक्य तितक्या लवकर पुरतात. त्याचा विषय जवळजवळ तिथेच मिटतो. पण आप्तांचा काळ दफनानंतर सुरू होतो आणि तो पायऱ्यांनी उतरतो. पहिले सात दिवस, म्हणजे ‘शिवा’, घराबाहेर पडायचे नाही, खाली किंवा ठेंगण्या आसनावर बसायचे, चामड्याचे जोडे घालायचे नाहीत. प्रार्थनेला रूढीप्रमाणे दहा पुरुष लागतात, ते घरी येतात. म्हणजे शोक करणाऱ्याला एकटे राहताच येत नाही. मग तीस दिवसांपर्यंत केस-दाढी करायची नाही. आई किंवा वडील गेले असतील तर बारा महिने समारंभ टाळायचे आणि अकरा महिने ‘कद्दिश’ म्हणायचे. अकराच का? परंपरेप्रमाणे पाप्याचा झाडा बारा महिने चालतो, आणि आपल्या आईवडिलांना पूर्ण बारा महिने लागतील असे कोण म्हणेल? देह पहिल्या दिवशीच बाजूला झाला, पण आत्मा आणि आप्त यांचे नाते तुटले नाही. कोणते दोन धागे बांधलेले आहेत आणि कोणता सुटा आहे, हे धर्मवार लेखात दिसलेच नसते.

मुसलमानांकडे इतर आप्तांसाठी शोकाची मर्यादा तीन दिवसांची आहे, पण विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. ती गरोदर असेल तर इद्दत बाळंतपणापर्यंत. ही शेवटची अट वाचली की लेखकाने थबकायला हवे. निव्वळ शोकाची मुदत बाळंतपणावर कशी ठरेल? इद्दतीचे दुसरे काम पोटातल्या मुलाचा बाप निर्विवाद ठेवण्याचे आहे. तिला ‘आप्तांचे परतणे’ या भागात बसवून पुढे गेलात तर अर्धेच सांगितलेत.

कामवार मांडणीत सगळ्यात जास्त चुका कामाला नाव देताना होतात. समजा, एका भागाला आपण ‘दुःखाला वाट करून देणे’ असे नाव दिले. राजस्थानातल्या रुदाली, तमिळ बायकांची ओप्पारी, आपल्या खेड्यांत हेल काढून रडणाऱ्या बाया, सगळे छान बसते. ज्यूंकडे अंगावरचे वस्त्र फाडायचेच असते. आईवडिलांसाठी डावीकडे, काळजावर, आणि ती फाट पुढे कधी नीट शिवायची नाही. पण इस्लाममध्ये डोळ्यांतल्या पाण्याला मुभा आहे, आक्रोशाला आणि कपडे फाडण्याला मनाई. पारशांच्या ‘अर्दा विराफ’ ग्रंथात एक नदी आहे, मागे राहिलेल्यांच्या आसवांची. ती जितकी फुगते तितकी आत्म्याला ओलांडायला कठीण. आता या दोघांना आपल्या भागात जागा कुठे? ‘यांच्यात वाट करून देत नाहीत’ असे लिहून हातावेगळे करणे म्हणजे आपल्या मथळ्याच्या मापाने त्यांना कमी भरवणे होय.

अशा वेळी रीत वगळायची नाही, नाव बदलायचे. ‘दुःखाची हद्द ठरवणे’ असे म्हटले की चारही जण नीट बसतात: कुणी किती रडायचे, कुठवर, कोणत्या खुणेने दाखवायचे, हे समाज ठरवून देतो. रॅडक्लिफ-ब्राउनने १९२२ सालच्या पुस्तकात अंदमानी लोकांबद्दल नोंदवले आहे की ते मृत्यूला रडतात तसे बऱ्याच काळाने भेटलेल्या आप्ताच्या गळ्यात पडूनही रीतीने रडतात. रडणे हे नेहमी आतल्या दुःखाचे उसळणे असते असे धरून चालणाऱ्या मथळ्याला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. म्हणून प्रत्येक नाव सगळ्यात अडचणीच्या उदाहरणावर आधी पारखून घ्यावे, सोयीच्या नाही.

दुसरा प्रश्न एका विधीच्या अनेक कामांचा. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडून कावळ्याची वाट पाहणारी माणसे आपल्या डोळ्यांसमोर आहेत. कावळा शिवत नाही तेव्हा कुणी पुढे होऊन मोठ्याने सांगतो, ‘धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू, काळजी करू नकोस.’ त्यांच्या समजुतीप्रमाणे हे गेलेल्याच्या अडकलेल्या इच्छेसाठी आहे. पण ते शब्द दहा माणसांसमोर उच्चारले जातात. उद्या सांगणाऱ्याला ते नाकारता येणार नाहीत. मुलीची जबाबदारी तिथे चारचौघांत ठरली. मग हा प्रसंग दुसऱ्या प्रश्नात घ्यायचा की तिसऱ्या? मी तो दुसऱ्यात सविस्तर घेईन, कारण करणारे स्वतः तसे सांगतात, आणि तिसऱ्यात एका वाक्याने त्याची आठवण देईन. करणाऱ्यांनी सांगितलेला अर्थ आणि लेखकाने काढलेला अर्थ वाक्यरचनेतच वेगळा राहिला पाहिजे. ‘ते मानतात’ कुठे संपते आणि ‘मला दिसते’ कुठे सुरू होते हे वाचकाला कळले नाही, तर सुतक म्हणजे घरच्यांना दिलेली रजा, असली चटपटीत विधाने शास्त्राच्या थाटात छापली जातात. सुतक पाळणाऱ्यासाठी ते अशौच आहे. रजा मिळते हेही खरे, पण ते आपले निरीक्षण आहे.

लिहिण्याआधी एक तक्ता करावा. डावीकडे समाज, वर तीन प्रश्न, आणि घरे भरत जावे. भरताना तक्ता आडवा भरतो, लेख मात्र उभ्या रांगेने लिहायचा. मसुदा झाल्यावर परिच्छेदांची पहिली वाक्ये तेवढी वाचून पाहावीत. ती ‘पारशी लोकांमध्ये’, ‘ज्यूंमध्ये’ अशी सुरू होत असतील तर मथळे बदलले, मांडणी जुनीच राहिली. तक्त्यात काही घरे रिकामी राहतील. ती ओढूनताणून भरू नयेत. एखाद्या समाजात एखादे काम विधीविनाच होते, हेही त्या घराने सांगितलेले असते.

या मांडणीमुळे चालू घडामोडीही उलगडतात. डुंगरवाडीत देह दख्म्यात ठेवतात, पूर्वी गिधाडे त्याची विल्हेवाट लावत. तिसऱ्या दिवशी दुपारी उठमणा होतो आणि चौथ्या पहाटे आत्मा चिन्वत पुलाशी पोचतो अशी श्रद्धा आहे. १९९० च्या दशकापासून भारतातली गिधाडे झपाट्याने मेली. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे औषध त्याला कारण ठरले आणि २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. देहाचे काम अडले, पण आत्म्याचे आणि आप्तांचे विधी जसेच्या तसे उभे होते. काहींनी दख्म्यावर सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवली; म्हणजे देहाचे साधन बदलले, बाकी तसेच ठेवले. काहींनी दहन पत्करले, आणि मग चार दिवसांच्या प्रार्थना कुठे करायच्या, त्या कोणते धर्मगुरू म्हणतील, हा वाद उभा राहिला. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत अशा कुटुंबांसाठी प्रार्थनागृह सुरू झाले. वरवर हा वाद दहन की दख्मा असा दिसतो. तीन प्रश्न वेगळे केले की त्याचे खरे टोक सापडते: पहिल्या प्रश्नाचे उत्तर बदलल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाची जुनी उत्तरे चालू राहतात का, एवढ्यावरच दोन्ही बाजू भांडत आहेत.