सरांचं फर्निचर आणि दहा मिनिटांचा पुरावा

साताऱ्यात राहणारे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत असं समजा. दुपारी जुन्या विद्यार्थ्याचा फोन येतो, "सर, तुमच्या त्या मित्राला फर्निचरचे पैसे पाठवले, टेम्पो कधी येतोय?" सरांना काही उलगडा होत नाही. मग कळतं, की त्यांचं नाव आणि त्यांचाच फोटो लावून फेसबुकवर कोणीतरी दुसरं प्रोफाइल उघडलंय. माझा मित्र सीआरपीएफमध्ये आहे, त्याची बदली झाली, सोफा-फ्रिज अगदी स्वस्तात देतोय, असे मेसेज तिथून निम्म्या बॅचला गेलेत. ही फर्निचरवाली फसवणूक देशभर इतकी चालली आहे, की वाचकांपैकी कुणाला तरी असा मेसेज येऊन गेलाच असेल.

यापुढे जे घडतं तेही ठरलेलं. सर व्हॉट्सअॅपवर स्टेटस टाकतात, "माझं अकाउंट हॅक झालंय, सगळ्यांनी रिपोर्ट करा." खरं तर हॅक काहीच झालेलं नसतं. सरांचं खातं सुरक्षित असतं, चोरीला गेलेला असतो तो त्यांचा चेहरा. पासवर्ड बदलून इथे काही साधत नाही. तरी पन्नास जण रिपोर्ट करतात आणि संध्याकाळी प्रोफाइल गायब होतं. सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. मात्र पैसे गेलेला विद्यार्थी दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जातो, तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला जातो: "प्रोफाइलची लिंक?" ती कुणाकडेच नसते. त्याने स्वतःसुद्धा भीतीपोटी सगळं चॅट पुसून टाकलेलं असतं.

म्हणून क्रम उलटा हवा. आधी पुरावा, मग रिपोर्ट, सगळ्यात शेवटी ब्लॉक. पुराव्याला दहा मिनिटं पुरतात. अपवाद एकच. पैसे गेले असतील, तर गेलेल्याने आधी 1930 वर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची आशा तेवढ्याच वेळात असते.

अडचण अशी, की बनावट प्रोफाइलवाला बहुधा खऱ्या माणसालाच ब्लॉक करून ठेवतो. सरांनी कितीही शोधलं तरी त्यांना ते दिसणार नाही. पुरावा गोळा करायचा तो विद्यार्थ्याच्या फोनवर.

सगळ्यात मोलाची गोष्ट स्क्रीनशॉट नसून लिंक आहे. 'राजाराम सर' नावाची शेकडो खाती असू शकतात आणि नाव, फोटो घटकेत बदलता येतात. प्रत्येक खात्यामागचा आकडा मात्र बदलत नाही. प्रोफाइल शक्यतो संगणकावरच्या ब्राउझरमध्ये उघडावं. वरच्या पट्टीत `facebook.com/profile.php?id=` आणि त्यापुढे लांबलचक आकडा दिसला, तर तोच तो. तिथे आकड्याऐवजी वापरनाव दिसलं तरी पूर्ण पत्ता तसाच उतरवून घ्यावा. मग पत्त्याच्या पट्टीसकट आणि खालच्या कोपऱ्यातल्या तारीख-वेळेसकट पूर्ण पडद्याचा स्क्रीनशॉट घ्यावा.

त्यानंतर चॅट. पहिल्या 'नमस्कार'पासून शेवटपर्यंत, प्रत्येक स्क्रीनशॉटमध्ये आधीच्याची शेवटची ओळ पुन्हा येईल अशा बेताने घ्यावं, म्हणजे मधलं काही गाळलं असं कुणाला म्हणता येत नाही. पैसे मागितलेला यूपीआय आयडी, क्यूआर कोड, फोन नंबर आणि व्यवहाराचा क्रमांकही घ्यावा. प्रोफाइल उघडून तिथून चॅटमध्ये जातानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग केलं तर हे मेसेज त्याच खात्याचे आहेत हे स्पष्ट दिसतं. आपोआप नाहीसे होणाऱ्या मेसेजांचा स्क्रीनशॉट घेतला की काही अॅप समोरच्याला कळवतात. तिथे दुसऱ्या फोनने फोटो काढलेला बरा.

या चित्रांवर लाल गोल काढू नयेत, कडा कापू नयेत. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवलं की चित्र दाबलं जातं आणि फाइलमधली मूळ माहिती निघून जाते. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावं. आणि मूळ चॅट त्या फोनवर तसंच राहू द्यावं.

ते का, हे एका महाराष्ट्रातल्याच खटल्याने ठरवून दिलं आहे. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. त्यात कळीचा मुद्दा व्हिडिओ चित्रणाच्या पुराव्याचा होता. 2020 च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत द्यायची तर सोबत कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने हजर केलं, तर ते लागत नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये ही तरतूद आहे. प्रमाणपत्राचा एक भाग उपकरण सांभाळणाऱ्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. तक्रार नोंदवताना या कागदाची काळजी करायचं कारण नाही. पण फोन विकून टाकला किंवा रीसेट केला, तर पुढे पंचाईत होते.

स्क्रीनशॉटची मर्यादाही ओळखून असावं. पडद्यावर काय दिसलं एवढंच तो सांगतो, पडद्यामागे कोण बसलंय हे नाही. तो माणूस सापडतो कंपनीकडच्या नोंदींतून: खातं उघडताना दिलेला नंबर, लॉग इन झालेला आयपी पत्ता. या नोंदी आपल्याला मिळत नाहीत, पोलिसांना मागता येतात. 2021 च्या आयटी नियमांप्रमाणे खातं बंद झाल्यावर ही नोंदणीची माहिती कंपनीने 180 दिवस जपायची असते. त्यामुळे `cybercrime.gov.in` वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करायला सवड बघत बसू नये. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि तोतयेगिरी करून फसवणं हे आयटी कायद्याच्या 66सी आणि 66डी कलमांखालचे गुन्हे आहेत.

आता रिपोर्ट. प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत 'रिपोर्ट' असतं. तिथे 'दुसऱ्याचं रूप घेतलंय' अशा अर्थाचं कारण निवडायचं. मग कुणाचं, असं विचारलं की विद्यार्थ्याने 'मित्राचं' निवडून सरांचं खरं प्रोफाइल दाखवायचं. 'स्पॅम' वगैरे भलतं कारण निवडलं, तर तक्रार वेगळ्याच वाटेला लागते. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर निर्णय ठरत नाही, असं फेसबुक स्वतःच सांगतं. पन्नास घाईच्या रिपोर्टपेक्षा नेमकं कारण दिलेले दोन-चार बरे.

'आमच्या नियमांचा भंग झालेला नाही' असं छापील उत्तर आलं, तर त्याचाही स्क्रीनशॉट ठेवावा. प्रत्येक मोठ्या समाजमाध्यमाला भारतात तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याच्याकडे लेखी तक्रार करावी. तोतयेगिरी आणि खासगी चित्रांच्या तक्रारींवर त्याने फार झटपट हालचाल करावी अशी सक्ती आहे. त्याच्याही निर्णयाने समाधान झालं नाही, तर 30 दिवसांत `gac.gov.in` वर सरकारी अपील समितीकडे जाता येतं.

ब्लॉक शेवटी, कारण ब्लॉक केलं की ते प्रोफाइल आपल्यालाही उघडत नाही. व्हॉट्सअॅपवर तर रिपोर्ट करतानाच ब्लॉक करून चॅट पुसण्याची खूण समोर येते. घाईत ती तशीच ठेवली की आपल्या फोनवरचं संभाषण गेलं.

एक ठिकाण मात्र असं आहे, जिथे स्क्रीनशॉट घ्यायचाच नाही. अल्पवयीन मुलाचं लैंगिक चित्र असेल, तर ते जवळ बाळगणं किंवा पुढे पाठवणं यानेच आपण पॉक्सो कायद्याच्या कचाट्यात सापडू शकतो. तिथे फक्त लिंक आणि वेळ लिहून घ्यावी आणि थेट पोलिसांकडे जावं.

सरांच्या बाबतीत एक काम उरतं. त्यांची मित्रयादी सगळ्यांना दिसत होती, म्हणूनच निम्मी बॅच तोतयाच्या हाती लागली. प्रायव्हसी सेटिंगमध्ये जाऊन ती यादी 'फक्त मी' करावी. नाहीतर पुढच्या आठवड्यात तेच फर्निचर पुन्हा विक्रीला निघेल.