एकच गोधडी, आठ जणींचे हात

ताईंनो, गावातल्या गावात गोधडी विकली तर गिऱ्हाईक हाताने चाचपून घेतं. ऑनलाइन विकताना ते फक्त फोटो बघतं आणि खाली लिहिलेलं माप वाचतं. बाळाची गोधडी ९० बाय ११० सेंमी असं लिहिलं असेल, आणि एकीला ८७ ची, दुसरीला ९२ ची गेली, तर शिवण कितीही सुबक असली तरी ती परत येते. येण्याजाण्याचा खर्चही बऱ्याचदा आपल्याच माथी. म्हणून आधी मापाचंच बोलू.

कापड सगळ्यांना सारखं कापून दिलं, तरी तयार गोधड्या लहानमोठ्या का होतात? कारण हात. धावदोऱ्याची प्रत्येक रांग कापड थोडं आत ओढते. ज्या ताईंचा हात घट्ट, तिची गोधडी जास्त आटते. यात कुणाचं चुकलं असं नाही, हात बदलायला सांगूनही तो फारसा बदलत नाही. मग उपाय मापात करायचा.

कापड ९० बाय ११० न कापता ९६ बाय ११६ कापून द्या. समजा, सैल हाताच्या ताईची गोधडी रांगा घालून झाल्यावर ९५ रुंद राहिली आणि घट्ट हाताच्या ताईची ९२ झाली. दोन्ही एकाच जागी आणायच्या, एकाच टेबलावर, पुठ्ठ्याच्या किंवा प्लायच्या एकाच साच्याने ९० बाय ११० आखायच्या. रेघेच्या किंचित आतून मशीनची टीप मारायची आणि मगच रेघेवर कापायचं. टीप न मारता कापलं तर रांगांचे दोरे सुटतात. शेवटी गोट लावला की टीप झाकली जाते. ९० च्या खाली आटलेली गोधडी मात्र साच्यात बसणार नाही. ती वेगळी ठेवा. साचा एकच हवा. घरोघरच्या टेपवर भरवसा नको, जुनी कापडी टेप ताणून लांब झालेली असते.

हे सगळं करूनही पहिल्या धुण्यात गोधडी आखडली तर उपयोग काय? कोरं सुती कापड कापण्याआधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या, आणि हे एकाच ठिकाणी करा. एकीने धुतलं, दुसरीने कोरंच वापरलं, तर दोन्ही गोधड्या आज सारख्या दिसतील आणि महिन्याने वेगळ्या. गडद रंगाचं कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर घासून बघा. फडकं रंगलं तर ते बाळाच्या गोधडीत नको.

आत घालायच्या जुन्या साड्या कुठे जाड, कुठे विरलेल्या. थर मोजून दिले तर एक गोधडी उबदार आणि दुसरी पातळ होते. त्यापेक्षा काट्यावर तोलून द्या. नमुन्याच्या गोधडीत आतलं कापड ४०० ग्रॅम असेल, तर प्रत्येक पुडक्यात तेवढंच. दोराही पुडक्यातच द्या, घरातला वापरू देऊ नका.

टाक्यांसाठी तोंडी सांगणं पुरत नाही. "बारीक घाला" म्हटलं की प्रत्येकीचं बारीक वेगळं. वीतभर नमुना शिवून प्रत्येकीच्या घरी द्या: १० सेंमीत २० टाके, दोन रांगांत अडीच सेंमी. १८ ते २२ पर्यंत चालवून घ्या, हाताचं काम आहे, मशीनसारखं दिसलं तर गिऱ्हाईकच शंका घेईल. पहिल्या चार रांगा झाल्या की एकीने घरी जाऊन मोजावं. अख्खी गोधडी झाल्यावर उसवणं जिवावर येतं.

एका गोष्टीत मात्र सूट नाही, ती म्हणजे सुई. गोधडीखाली बाळ झोपणार आहे. पुडक्यात सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. सुई मोडली तर दोन्ही तुकडे कागदावर चिकटवून आणायचे. तुकडा सापडत नसेल तर ती गोधडी पाठवायची नाही. तपासताना दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा, पण तेवढ्यावर विसंबू नका. जाड थरात खोल गेलेलं टोक त्याला लागेलच असं नाही.

प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात कापडी पट्टीवर क्रमांक घाला आणि वहीत शिवणारीचं नाव. तपासणारी दुसरी असावी, स्वतःचं काम स्वतः पास करायचं नाही. वहीत एकाच ताईच्या तीन गोधड्या आटलेल्या दिसल्या, तर रागवण्याआधी तिचा दोरा बघा. कुणी दोरा दुहेरी घेतलेला असतो, कुणी रात्री कमी उजेडात शिवत असते.

आणि नापास गोधडीचे पैसे कोण सोसणार, हे ऑर्डर घेण्याआधी बैठकीत ठरवून ठरावात लिहा. आमच्या मते उसवून सुधारता येत असेल तर ती ज्या ताईंनी शिवली त्यांनीच सुधारावी, मजुरी ठरलेलीच मिळावी. कापडच खराब निघालं तर तो तोटा गटाचा, कारण कापड गटाने दिलेलं असतं.