88 टक्के हेल्थ, 410 सायकल: जुना मोबाइल घेताना हे आकडे किती खरे?

अकलूजच्या बाजारात वापरलेला मोबाइल घ्यायला गेलं की किंमत ठरते ती बॅटरी हेल्थच्या आकड्यावर. 88 टक्के असेल तर एक भाव, 83 असेल तर दुसरा. पण हा आकडा कोणी मोजलेला नसतो, काढलेला असतो.

बॅटरीत किती वीज मावते, हे थेट मोजणारं साधन फोनमध्ये नाही. त्यातली एक छोटी चिप बॅटरीत किती वीज आली आणि किती गेली एवढीच नोंद ठेवते. गोदामाच्या दारात बसून पोत्यांची आवक-जावक लिहिणाऱ्या दिवाणजीसारखी. त्या नोंदीवरून आणि बॅटरीच्या व्होल्टेजवरून ती एकूण क्षमतेचा अंदाज बांधते.

समजा, फोनची मूळ क्षमता 5000 एमएएच आहे. चार्ज 80 वरून 30 टक्क्यांवर आला आणि तेवढ्यात 2150 एमएएच खर्च झाले. 50 टक्क्यांना 2150, म्हणजे पूर्ण बॅटरी 4300 ची, आणि हेल्थ 86 टक्के. आता व्होल्टेजवरून काढलेली ती 50 टक्क्यांची घट प्रत्यक्षात 48 च असेल, तर तीच क्षमता सुमारे 4480 येते आणि हेल्थ होते जवळपास 90. दोन टक्क्यांची चूक हेल्थमध्ये साडेतीन-चार टक्के होऊन उतरते.

फोन दिवसभर थोडाथोडा चार्ज करत राहिलं तर ही चूक आणखी फुगते. 20 टक्के घट धरून 860 एमएएच मोजले तर हेल्थ 86 येते. तीच घट खरी 18 टक्के असेल तर जवळपास 96! म्हणूनच महिनाभर 91 वर थांबलेला आकडा एके दिवशी 88 दाखवतो, तेव्हा बॅटरी रातोरात खराब झालेली नसते, चिपने आपला जुना अंदाज दुरुस्त केलेला असतो.

सायकलचा हिशेब त्यामानाने सरळ आहे. चार्जरला लावलं की एक सायकल, असं मात्र नाही. एकूण 100 टक्क्यांइतकी वीज वापरली की एक सायकल पूर्ण होते. आज 60 आणि उद्या 40 टक्के वापरले तरी एकच. रोज 60 टक्के वापरणाऱ्याच्या वर्षाला 219 सायकल होतात. ॲपलच्या सांगण्यानुसार आदर्श परिस्थितीत आयफोन 14 आणि त्याआधीच्या फोनची बॅटरी 500 सायकलनंतर, तर आयफोन 15 ची 1000 सायकलनंतर 80 टक्के क्षमता राखते.

अडचण त्या ‘आदर्श’ शब्दात आहे. आयफोन 0 ते 35 अंश हवेत वापरायचा, असं कंपनीच सांगते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा सर्रास 40 च्या वर असतो, आणि फोन तेव्हा मोटारसायकलच्या हँडलवर नाहीतर ट्रॅक्टरवर उन्हात तापत असतो. बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावरचा तक्ता इथे डोळे उघडणारा आहे. पूर्ण चार्ज करून नुसती ठेवलेली बॅटरी वर्षभरानंतर 25 अंशांवर सुमारे 80 टक्के क्षमता राखते, 40 अंशांवर 65. चार्ज 40 टक्केच ठेवला, तर 40 अंशांवरही 85. सायकल तिन्ही वेळा शून्य! उन्हात आणि रात्रभर चार्जरला राहिलेला फोन कमी सायकलमध्येही थकलेला असू शकतो, ते यामुळेच.

दोन्ही आकड्यांतून सुटणारी गोष्ट म्हणजे बॅटरीचा अंतर्गत रोध. जुन्या बॅटरीत तो वाढतो. रोध 0.25 ओहम झाला आणि कॅमेरा सुरू होताना क्षणभर 3 ॲम्पिअर लागले, तर व्होल्टेज 0.75 ने पडतं. 3.7 व्होल्टवरून ते 3 च्या खाली जातं आणि 25 टक्के चार्ज दिसत असतानाच फोन बंद पडतो. हेल्थ तेव्हा 84 असू शकते, कारण ती फक्त क्षमता सांगते.

आकडे बदलताही येतात. बॅटरीच्या चिपमध्ये सायकल आणि क्षमता नव्याने लिहिणारी यंत्रं दुरुस्तीच्या धंद्यात मिळतात. तीन वर्षांचा फोन 100 टक्के आणि 20 सायकल दाखवत असेल, तर बॅटरी बदललेली आहे किंवा आकडा. आयफोनमध्ये सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये सुट्या भागांची माहिती पाहा. तिथे ‘Unknown Part’ दिसलं तर हेल्थ विचारातच घेऊ नका.

दुकानात एक चाचणी जरूर करा. चार्ज 30-40 टक्क्यांवर असताना ब्राइटनेस पूर्ण ठेवून दहा मिनिटं व्हिडिओ चित्रित करा. टक्के एकेक करून उतरले तर ठीक. मध्येच पाच-सहाने घसरले किंवा फोन बंद पडला, तर हेल्थ कितीही दिसो, बॅटरी गेलेली आहे. 88 आणि 86 मधल्या फरकासाठी जास्त पैसे देऊ नका. तेवढी चूक त्या आकड्यातच असते. हेल्थ 80 च्या खाली असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मगच भाव ठरवा.