दोन हजारांची मुभा, वीसची पत

धरा, भोसरीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा एक छोटा कारखाना आहे. मालकाने सोमवारी नवं डोमेन घेतलं, त्यावर गूगल वर्कस्पेसचं खातं उघडलं आणि कुठूनशी मिळवलेली ४०० खरेदी अधिकाऱ्यांची यादी मेल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरला जोडली. मंगळवारी सगळ्यांना एकच मजकूर गेला. वर्कस्पेसच्या एका खात्यातून दिवसाला २,००० मेल पाठवता येतात, मग ४०० म्हणजे किस झाडकी पत्ती! गुरुवारपर्यंत उत्तर एकही नाही. स्वतःच्या जुन्या जीमेलवर पाठवून पाहिलं, तर तीही स्पॅममध्ये.

२,००० ही पाठवण्याची मुभा आहे. पत वेगळी, आणि कालच जन्मलेल्या डोमेनची ती शून्य असते. अनोळखी पत्त्यावरून अचानक मेलचा लोंढा येतो, तेव्हा जीमेलला तो स्पॅमवाल्यांसारखाच दिसतो.

म्हणून आधी ओळखपत्र. डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तीन नोंदी लागतात. पहिली सांगते, या डोमेनच्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो:

```
v=spf1 include:_spf.google.com ~all
```

अशी नोंद एकच हवी. दुसरं सॉफ्टवेअर जोडताना लोक दुसरी नोंद टाकतात आणि तपासणीच फसते. स्वतःला पाठवलेली मेल जीमेलमध्ये उघडून Show original दाबा. तिन्हींपुढे PASS दिसलं की झालं.

मग वॉर्म-अप. पहिला आठवडा रोज पाच-दहा मेल, त्याही उत्तर देतील अशा ओळखीच्या ग्राहकांना आणि पुरवठादारांना. दुसऱ्या आठवड्यात त्यांत थोडे अनोळखी मिसळायचे. पुढे हळूहळू वाढवत महिन्याभरात वीस-तीसवर यायचं, आणि तेही दिवसभरात अंतरा-अंतराने. आठवणीची मेलही याच आकड्यात धरायची. प्रत्येकाला तीन मेल म्हटल्या तर ४०० जणांच्या १,२०० होतात. रोज तीसने ४० कामाचे दिवस. घाई असेल तर आकडा वाढवू नका, यादी छाटा.

यादी छाटणं तसंही गरजेचं, कारण पत बिघडते ती तक्रारींनी. स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवा, ०.३ गाठूच नका, असं गूगल सांगतं. ४०० मेलमध्ये दोघांनी स्पॅमचं बटण दाबलं की ०.५ टक्के झाले! इतक्या कमी मेलचे आकडे गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये बहुधा दिसतही नाहीत. तेव्हा लक्ष ठेवायचं ते परत येणाऱ्या मेलवर. ‘550 5.1.1’ म्हणजे तो पत्ताच अस्तित्वात नाही; शंभरात दोनापेक्षा जास्त अशा आल्या तर यादी शिळी समजावी.

आपल्या कारखानदाराने आता पाठवणं थांबवावं, मृत पत्ते काढावेत, मेलमधली लघुलिंक आणि जोडपत्र काढून साध्या चार ओळी ठेवाव्यात, नको असेल तर कळवा हेही लिहावं. मग पुन्हा रोज दहापासून. आणि हे सगळं मुख्य डोमेनवर करू नये. ते अडकलं, तर बिलंसुद्धा स्पॅममध्ये जातील.