हात वर करा, असं कॅमेऱ्याला सांगता येत नाही

पावसाळा सुरू झालाय आणि एक डॉक्टर सोसायटीच्या गच्चीवर डेंगीबद्दल बोलताहेत, असं समजा. समोर ऐंशी-नव्वद रहिवासी. डॉक्टर विचारतात, "बाटलीत मनी प्लांट कोणाकोणाच्या घरी आहे? हात वर करा." पंधरा-वीस हात वर जातात, कुणी शेजाऱ्याचा हात धरून वर ओढतं, हशा होतो. डॉक्टर थांबतात आणि मग हळूच विचारतात, "त्यातलं पाणी शेवटचं कधी बदललं?" गच्ची गप्प होते.

आता हेच भाषण शब्दही न बदलता कॅमेऱ्यासमोर करून पाहा. "हात वर करा" म्हटल्यावर चार सेकंद काहीच घडत नाही. मोबाइलवर पाहणाऱ्याला वाटतं, व्हिडिओ अडकला.

गच्चीवरच्या भाषणाचा निम्मा मजकूर कागदावर नव्हताच, तो श्रोत्यांनी पुरवला. कॅमेऱ्यासाठी लिहिणाऱ्याला तो वाटाही स्वतःच लिहावा लागतो. "तुमच्या खिडकीत मनी प्लांटची बाटली असेल. त्यातलं पाणी या आठवड्यात बदललं नसेल, तर आज बदला. डेंगीचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात." इथे "मंडळी" नाहीत, "आपण सर्व" नाही. पाहणारा बहुधा एकटाच असतो, म्हणून संबोधनही एकालाच.

पुनरुक्तीचंही तसंच. "भांडं नुसतं ओतू नका, घासा, अंडी कडेला चिकटून राहतात" हे गच्चीवर तीनदा सांगावं लागतं, कारण मागच्या रांगेतल्याला ते मागे नेऊन पुन्हा ऐकता येत नाही. कीर्तनकार मुद्दा संपला की धृपदावर येतात, त्यामागेही हीच सोय आहे. व्हिडिओत तेच वाक्य एकदा बोलून पडद्यावर अक्षरांत दाखवलं की भागतं. हातवाऱ्यांवर मात्र विसंबू नये. छातीपासून वरच्या चौकटीत घासणारा हात दिसतच नाही, म्हणून बाटली तोंडाजवळ उचलून धरायची, हे संहितेतच लिहून ठेवावं लागतं.

खरी पंचाईत नजरेची. सभेत वक्ता एक वाक्य एका चेहऱ्याला देतो, पुढचं दुसऱ्याला. मध्ये कागदाकडे पाहिलं तरी कुणाला खटकत नाही. कॅमेऱ्यासमोर नजर भिंगापासून बाजूला थोडी जरी सरकली, तरी माणूस काही लपवतोय असं वाटू लागतं. म्हणून टेलिप्रॉम्प्टर. भिंगापुढे ४५ अंशांत तिरकी काच, खाली पडदा. अक्षरं काचेवर उमटतात, भिंग काचेतून आरपार पाहतं. पण वक्ता प्रॉम्प्टरच्या फार जवळ बसला आणि ओळी लांब असल्या, तर त्याची बुबुळं डावीकडून उजवीकडे धावताना प्रेक्षकाला स्पष्ट दिसतात. उपाय साधा आहे: यंत्र मागे न्यायचं, अक्षरं मोठी करायची, ओळीत चार-पाचच शब्द ठेवायचे. वाक्यंही त्या मापाची हवीत. क्रियापद तिसऱ्या ओळीवर येणारं लांबलचक मराठी वाक्य तिथे हमखास अडखळवतं.

घरी लॅपटॉपवर बोलणाऱ्याला थोडी सवलत आहे. २००२ साली मिल्टन चेन यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आढळलं, की बोलणारा कॅमेऱ्याच्या किंचित खाली पाहत असला तर समोरच्याला ते फारसं जाणवत नाही; डावी-उजवीकडे किंवा वर पाहिलं तर मात्र लगेच कळतं. तेव्हा टिपणं कॅमेऱ्याच्या बरोबर खाली ठेवावीत, बाजूच्या भिंतीवर नकोत.

आवाजाचं गणित अनेकजण उलटं मांडतात. गच्चीवर हशा आला की वक्त्याचा आवाज आपोआप चढतो. भिंग हसत नाही, मान डोलावत नाही, त्यामुळे दुसऱ्या मिनिटाला सूर सपाट होतो. मग कुणी सभेसारखं ओरडतं, आणि तोंडापासून वीतभर अंतरावरच्या माइकला ते सोसत नाही. हवा असतो तो टेबलापलीकडच्या माणसाशी बोलण्याचा सूर. अमेरिकी माहितीपटकार एरॉल मॉरिस यांनी यासाठी 'इंटरोट्रॉन' बनवलं. प्रॉम्प्टरच्या काचेवर मजकुराऐवजी मुलाखत घेणाऱ्याचा चेहरा दिसतो, त्यामुळे बोलणारा माणसाशी बोलतो आणि तरी थेट भिंगात पाहतो. 'द फॉग ऑफ वॉर' या २००३च्या चित्रपटात रॉबर्ट मॅकनमारा प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाहताना दिसतात, ते याच यंत्रामुळे. एवढा सरंजाम परवडत नसेल, तर भिंगामागे अगदी लगत एक खरा माणूस उभा करावा.

मात्र त्याला प्रश्न विचारायची मुभा रेकॉर्डिंगच्या आधी, तालमीत द्यावी. गच्चीवर भाषण संपताना एखादी आजी विचारतेच, "अहो, फ्रीजच्या मागच्या ट्रेमध्ये पाणी साचतं, त्याचं काय?" डॉक्टरांच्या कागदावर तो ट्रे नव्हता. व्हिडिओच्या संहितेत तो मनी प्लांटच्या लगेच पुढच्या वाक्यात हवा.