पार्लरच्या फोनमधली गिऱ्हाइकं

समजा, तुळजापुरातल्या एका पार्लरमध्ये नवरीच्या मेकअपची बुकिंग झाली. तिचा नंबर घेतला तो वेळ कळवण्यासाठी. दिवाळीच्या ऑफरसाठी तोच नंबर वापरायचा, तर वेगळं विचारावं लागतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र हेच आहे: ज्या कामासाठी संमती, त्याच कामासाठी वापर. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

नंबर : ऑफर पाठवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढू नका, त्यात प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये तो दिसत नाही. मात्र पार्लरचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच तो मेसेज पोचतो.

फोटो : ‘मेकअप आधी आणि नंतर’चा फोटो इन्स्टाग्रामवर टाकण्याआधी मेसेजवर होकार घ्या, म्हणजे तो नोंदीत राहतो. मुलगी अठराच्या आतली असेल, तर पालकांची संमती हवी. नंतर ‘काढून टाका’ म्हटलं, तर पोस्टबरोबर गॅलरी, बॅकअप आणि मदतनीस मुलीच्या फोनमधली प्रतही काढावी लागते. म्हणून फोटो पार्लरच्याच फोनवर काढलेले बरे.

नोंदी : हेअर डायची अ‍ॅलर्जी, पॅच टेस्टचा निकाल हे पुढच्या वेळी उपयोगी पडतं, म्हणून जपून ठेवावं. पण या नोंदींची वही काउंटरवर उघडी नको. नाव, नंबर आणि त्वचेची तक्रार एकाच ओळीत कुणालाही वाचता येते.