दहा मिनिटांची फिल्म, खर्चाचे चार डबे

मैत्रिणींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाला यंदा नाटुकलीऐवजी छोटी फिल्म करायची ठरवताय? मग कॅमेरेवाल्याला फोन करण्याआधी वही काढा. महिन्याचा पगार आपण जसा डब्यांत वाटून ठेवतो, तसे इथेही चार डबे करायचे: पूर्वतयारी, चित्रीकरण, संकलन आणि वितरण.

सुरुवात संहितेपासून करा. नीट मांडलेलं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. दहा पानांना आपण दोन दिवस धरू. आता एका दिवसाचा खर्च मांडा. समजा, कॅमेरा व तो चालवणारा ६,००० रुपये, आवाज टिपणारा माइकसह ३,५००, दिवे २,०००, बारा माणसांचं चहा-जेवण २,४०० आणि गाडी १,६००. झाले १५,५००, दोन दिवसांचे ३१,०००. तुमच्या गावचे दर विचारून आकडे बदला, मांडणी हीच ठेवा.

तालमी, जागा पाहणं, संहितेच्या प्रती यांना ३,००० पुरतील. संकलन, आवाजाचं मिश्रण आणि संगीत यांना १४,०००. महोत्सवांची प्रवेश फी, उपशीर्षकं व पोस्टर यांना ६,०००. बेरीज ५४,०००. त्यावर दहा टक्के, म्हणजे ५,४०० अडीअडचणीला. एकूण ५९,४००.

खरी गोम पुढेच आहे. चित्रीकरण लांबलं आणि तिसरा दिवस घ्यावा लागला, तर आणखी १५,५०० गेले! अडीअडचणीचे पैसे संपून हात संकलनाच्या डब्यात जातो, आणि फिल्म अर्धवट डिस्कमध्ये पडून राहते. म्हणून शेवटच्या दोन डब्यांचे २०,००० आधीच बाजूला काढा आणि त्यांना हात लावू नका.

तिसरा दिवस टाळायचा कसा? जागा कमी करा. जागा बदलली की सामान आवरा, दिवे पुन्हा लावा, यातच तास-दीड तास जातो. सासू-सुनेचं जे बोलणं एस.टी. स्टँडवर लिहिलंय, ते ओसरीवर होईल का, पाहा. स्वयंपाकघरातले सगळे प्रसंग, कथेत मागेपुढे असले तरी, एकदमच उरकून घ्या. पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी होईस्तोवर दोन-अडीच पानं व्हायला हवीत. एकच झालं असेल, तर तिथेच बसून संहितेतला एखादा प्रसंग गाळा. दिवस वाढवण्यापेक्षा पान कमी करणं स्वस्त पडतं.

आवाजात मात्र काटकसर नको. मिक्सर, पंखा, बाहेरचे हॉर्न संवादात मिसळले की संकलनात ते पुरते निघत नाहीत. प्रत्येक जागी अर्धा मिनिट नुसती शांतता टिपून ठेवा, जोड झाकायला उपयोगी पडते.

आवडतं सिनेगीत फुकटात घालू नका. हक्क त्याच्या मालकाचे असतात, परवानगी नसेल तर महोत्सववाले फिल्म परत करतील. गावातल्या पेटीवाल्याकडून नवी चाल करून घ्या, आणि ती वापरण्याची संमती लेखी घ्या. थिएटरात जाहीर खेळ करायचा असेल, तर सेन्सॉर प्रमाणपत्राचा खर्च आणि वेळ वेगळा धरा.

आणि हो, रोज रात्री वहीत दोन रकाने भरा: ठरवलेले आणि झालेले. फरक पहिल्याच रात्री दिसला, तर दुसऱ्या दिवशी सावरता येतो.